जाळीचा चार्ट, सरकणारा मार्कर आणि लाइफलाइन

जाळीचा चार्ट पहिल्यांदा हातात घेतला की चिन्हांची भीती वाटते. खरं तर चिन्हं दोन संध्याकाळांत पाठ होतात. घोळ वेगळ्याच ठिकाणी होतो. चार्टमधलं एक घर म्हणजे नेमकं काय, हे बहुतेक जणींना कुणी सांगितलेलं नसतं. डाव्या सुईवर आता जे टाके आहेत त्यांतला एक टाका म्हणजे एक घर, असं आपण धरून चालतो. ते तसं नाही. घर म्हणजे ती कृती केल्यावर उजव्या सुईवर तयार होणारा टाका. हा फरक एकदा लक्षात आला की मार्कर कधी हलवायचा, टाके मोजताना काय पाहायचं आणि चूक कुठे शोधायची, ही तिन्ही कोडी बरीचशी सुटतात.

म्हणून इथे एकच लहान नमुना घेते आणि त्याच्यावरच सगळं करून दाखवते. चौकटीच्या आकाराची, म्हणजे शंकरपाळ्यासारखी जाळी आहे, आठ ओळींची. सोबत विणायची असेल तर गुळगुळीत, फिक्या रंगाची मध्यम जाडीची लोकर आणि ४ किंवा ४.५ मिमीच्या सुया घ्या. गडद किंवा केसाळ लोकरीवर टाके दिसत नाहीत, आणि शिकताना टाके दिसणं हेच तर महत्त्वाचं असतं.

चिन्हं आणि चार्ट

या चार्टमध्ये पाचच चिन्हं आहेत. टिंब म्हणजे साधा सुलट टाका. शून्य म्हणजे वेढा: लोकर दोन सुयांच्या मधून पुढे आणायची आणि उजव्या सुईवरून मागे न्यायची. पुढच्या ओळीत याच वेढ्याचं भोक होतं. उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ म्हणजे उजवी जोडी, दोन टाके एकत्र सुलट विणायचे. डावीकडे झुकलेली रेघ म्हणजे डावी जोडी: दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखी सुई घालून उजव्या सुईवर घ्यायचे, मग डावी सुई त्यांच्यात पुढून घालून दोन्ही मागच्या बाजूने एकत्र विणायचे. टोपीसारखं चिन्ह म्हणजे तिहेरी जोड: दोन टाके एकत्र सुलट विणायला सुई घालतो तशी घालून न विणता उजव्या सुईवर घ्यायचे, तिसरा टाका सुलट विणायचा आणि ते घेतलेले दोन्ही त्याच्यावरून काढून टाकायचे. तीन टाक्यांचा एक होतो आणि मधला टाका सर्वांत वर दिसतो.

```
\ ० . . . ० | ^ ० . . . ० /   ७
. \ ० . ० / | . \ ० . ० / .   ५
. . ० ^ ० . | . . ० ^ ० . .   ३
. ० / . \ ० | . ० / . \ ० .   १
```

चार्ट खालून वर वाचायचा, कारण कापडही खालून वरच वाढतं. ओळीचा आकडा उजवीकडे आहे, म्हणजे ती ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची. आपणही उजवीकडून डावीकडे सरकत विणतो, त्यामुळे नजर आणि हात एका दिशेने जातात. इथे २, ४, ६ आणि ८ या ओळी काढलेल्याच नाहीत. त्या उलट बाजूच्या आहेत आणि सगळ्या सारख्याच: उलट विणत परत यायचं. काही चार्टमध्ये उलट बाजूच्या ओळीही काढतात आणि त्यांचे आकडे डावीकडे असतात. त्या डावीकडून उजवीकडे वाचायच्या. अशा ओळीतलं साधं घर मात्र उलट विणायचं, कारण चार्ट कापड सुलट बाजूने जसं दिसतं तसं दाखवतो; त्या क्षणी आपण कुठल्या बाजूला बसलोय याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. गोल विणताना सुलट बाजू कायम समोर असते, तेव्हा प्रत्येक ओळ उजवीकडूनच वाचायची.

आता पहिली ओळ शब्दांत वाचू. उजव्या टोकापासून: एक सुलट, वेढा, डावी जोडी, एक सुलट, उजवी जोडी, वेढा, एक सुलट. इथे उभी रेघ येते. पुढे पुन्हा वेढा, डावी जोडी, एक सुलट, उजवी जोडी, वेढा, एक सुलट. म्हणजे रेघेच्या डावीकडचे सहा टाके हाच पुन्हा पुन्हा येणारा तुकडा आहे आणि अगदी उजवीकडचा एक टाका नमुना दोन्ही बाजूंनी सारखा दिसावा म्हणून जादा आहे. नमुन्यावर "सहाच्या पटीत अधिक एक" असं लिहिलेलं असतं ते याचमुळे.

या ओळीत प्रत्येक वेढ्यामागे एक जोडी आहे. वेढा एक टाका वाढवतो आणि जोडी एक घटवते, म्हणून ओळीअखेर संख्या तीच राहते. तिसऱ्या ओळीत तिहेरी जोड दोन टाके घटवते आणि तिच्या दोन्ही बाजूंचे वेढे ते भरून काढतात. कुठलाही नवा चार्ट समोर आला की मी विणण्याआधी प्रत्येक ओळीत हा जमाखर्च पेन्सिलीने मांडते. तो जुळत नसेल तर एक तर त्या ओळीत टाके मुद्दाम वाढवलेत किंवा घटवलेत, नाही तर चार्टच चुकीचा छापलाय. जिथे संख्या खरोखर बदलते तिथे चार्टमध्ये राखाडी किंवा काळं घर असतं. त्याचा अर्थ "इथे टाका नाही". ते घर सोडून थेट पुढच्या घरावर जायचं, त्यासाठी सुईवर काहीही करायचं नाही.

चार्ट वाचताना कागदाची पट्टी ठेवायची असेल तर चालू ओळीच्या वर ठेवा, खाली नको. खाली ठेवली तर आधी विणलेल्या ओळी झाकल्या जातात, आणि नेमक्या त्याच दिसायला हव्यात. "या तिहेरी जोडीच्या खाली काय आहे?" हा प्रश्न पुढे वारंवार विचारायचा आहे.

मार्कर कुठे घालायचे

चार तुकड्यांचा नमुना घेऊ. चार साहे चोवीस, अधिक एक, म्हणजे २५ टाके. दोन्ही कडांना तीन तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट विणायचे, म्हणजे काठ गुंडाळला जात नाही. असे एकूण ३१ टाके घाला. आधी चार ओळी सगळ्या सुलट विणा आणि मग एक उलट बाजूची ओळ काढा: ३ सुलट, २५ उलट, ३ सुलट.

जाळीची पहिली ओळ विणताना मार्कर असे बसतात: ३ टाके, मार्कर, ७ टाके, मार्कर, ६, मार्कर, ६, मार्कर, ६, मार्कर, ३. पहिल्या भागात सात आहेत, कारण तो एक जादा टाका तिथेच धरलाय. काठांचे दोन मार्कर एका रंगाचे आणि आतले तीन दुसऱ्या रंगाचे घ्या. हे दिसायला छान म्हणून सांगत नाही. काठाचे मार्कर कधीच जागचे हलत नाहीत आणि आतले हलतात, म्हणून रंग वेगळा.

मार्कर पातळ असावा. जाड प्लॅस्टिकची कडी असेल तर तिच्या दोन बाजूंच्या टाक्यांमध्ये उभी फट पडते. मी लोकरीच्याच दुसऱ्या रंगाच्या तुकड्याची गाठ मारून लहान कड्या करते. त्या पडल्या, हरवल्या तरी जीव हळहळत नाही.

प्रत्येक उलट ओळीत भाग मोजत यायचं. उलट बाजूने क्रम उलटा होतो: ३, ६, ६, ६, ७, ३. सहा टाके मोजायला क्षणभरही लागत नाही, एकतीस मोजताना मात्र कुणी तरी हाक मारतंच. आणि मोजणीत फरक निघाला तर तो कुठल्या प्रकारचा आहे, यावरून चूक ओळखता येते.

एका भागात पाच आणि बाकी सगळे बरोबर असतील तर तिथला वेढा राहिलाय किंवा निसटलाय. एका भागात सात आणि बाकी बरोबर असतील तर जोडी राहिली, किंवा तिहेरीच्या जागी दुहेरी झाली. पण एका भागात सात आणि शेजारच्यात पाच असतील, तर विणकामात चूकच नाही. मार्करने उडी मारलीय. पहिल्या ओळीत मार्करनंतर लगेच वेढा आहे, आणि सैल वेढ्याच्या खालून कडी सहज पलीकडे सरकते. अशा वेळी काही उसवू नका. कापडाकडे पाहा: पहिल्या ओळीत दोन भोकांच्या मध्ये एकटा सुलट टाका आहे, त्याच्या डाव्या अंगाला मार्करची जागा. उचलून तिथे ठेवा.

सातवी ओळ

पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत प्रत्येक भाग आपापल्या मार्करांच्या आत पूर्ण होतो. सातवीत होत नाही, आणि या नमुन्यातली बहुतेक रडारड इथेच असते.

चार्टमध्ये सातव्या ओळीत उभी रेघ अगदी सरळ आहे. तिहेरी जोड रेघेच्या उजवीकडे, वेढा डावीकडे. पाहून वाटतं की तिहेरी जोडीचे तिन्ही टाके उजव्या भागातले असणार. पण घर दाखवतं तो तयार झालेला टाका. तो तयार व्हायला कुठले तीन टाके खर्ची पडले हे घर सांगत नाही. ते सुईवर मोजून पाहू. पहिल्या भागात सात टाके आहेत. उजवी जोडी दोन घेते, वेढा काहीच घेत नाही, तीन सुलट तीन घेतात, पुन्हा वेढा. पाच टाके संपले, मार्करआधी दोनच उरले. तिहेरी जोडीला तीन हवेत. तिसरा मार्करच्या पलीकडे आहे, आणि तो तिथूनच घ्यायचा आहे.

हाताने असं करा. मार्करआधी दोन टाके उरले की ते दोन्ही एकत्र, सुलट विणायला घालतो तशी सुई घालून, उजव्या सुईवर घ्या. आता डाव्या सुईच्या टोकाला मार्कर आलाय, तो काढा. पुढचा टाका सुलट विणा. घेतलेले दोन त्याच्यावरून काढा. मार्कर उजव्या सुईवर, तिहेरी जोडीच्या लगेच नंतर, परत घाला. मग वेढा, तीन सुलट, वेढा, आणि पुन्हा दोन टाके उरतात. आतल्या तिन्ही मार्करांशी हेच करायचं. शेवटच्या भागात वेढा, तीन सुलट, वेढा झाल्यावर काठाच्या मार्करआधी दोनच टाके राहतात. त्यांची डावी जोडी. ओळ संपल्यावर भाग पुन्हा ७, ६, ६, ६ भरतात.

आता मार्कर न हलवता विणलं तर काय होतं ते पाहा, कारण ही चूक लबाड आहे. पहिल्या मार्करआधी दोनच टाके आहेत म्हणून तुम्ही तिहेरीऐवजी दोनाची जोडी करून पुढे जाता. दुसऱ्या भागात वेढा, तीन सुलट, वेढा, आणि नेमके तीन टाके उरतात. तिहेरी जोड अगदी चपखल बसते! तिसऱ्या भागातही तसंच. वाटतं, चला, जमलं. भागांची मोजणीही ७, ६, ६ अशी बरोबर येते. फक्त शेवटच्या भागात डावी जोडी झाल्यावर काठाच्या मार्करआधी एक टाका जादा उरतो.

माझ्या पहिल्या मोठ्या शालीत मी त्या जादा टाक्याचा बंदोबस्त केला. शेवटी दोनाऐवजी तीन टाके एकत्र घेतले आणि संख्या जुळली म्हणून खूश होऊन पुढे निघाले. वीतभर विणून झाल्यावर शाल पसरली, तर एका ओळीत सगळ्या शंकरपाळ्यांची टोकं एकेक टाका बाजूला सरकलेली. संख्या बरोबर आणि चित्र चुकलेलं, म्हणून मोजून काही ते सापडलं नसतं.

ते सापडतं खाली पाहून. चार्टमध्ये टोपीच्या खाली, पाचव्या ओळीत, उजवी रेघ, टिंब, डावी रेघ असं छपरासारखं चित्र आहे. म्हणजे तिहेरी जोडीने जे तीन टाके गिळायचे ते हेच: एका बाजूची जोडी, मधला एकटा टाका, दुसऱ्या बाजूची जोडी. सातव्या ओळीत तिहेरी जोड करण्याआधी डाव्या सुईवरच्या तीन टाक्यांखाली हे छप्पर दिसतंय का, ते पाहा. दिसलं नाही तर थांबा. विणल्यावर तो मधला एकटा टाका वर येऊन बसला पाहिजे आणि खालपासून त्याची उभी रेघ अखंड दिसली पाहिजे. मला विचाराल तर मार्करपेक्षाही या रेघेवर जास्त भरवसा ठेवा. मार्कर सरकतो, रेघ सरकत नाही.

लाइफलाइन घालणे

लाइफलाइन म्हणजे एका पूर्ण झालेल्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवलेला वेगळा धागा. वरचं सगळं उसवलं तरी उसवण या धाग्यापाशी थांबते. साध्या विणीत दोन ओळी उसवून टाके उचलता येतात. जाळीत मात्र वेढा आणि जोड्या सुटल्या की नुसता गुंता दिसतो आणि कुठलं वेटोळं टाका आहे तेच कळत नाही.

धागा लोकरीपेक्षा बारीक, गुळगुळीत आणि वेगळ्या रंगाचा हवा. क्रोशाचा सुती दोरा उत्तम, दात साफ करायचा फ्लॉसही चालतो. एकदा हाताशी होती म्हणून मी केसाळ लाल लोकर ओवली. ती काढताना तिचे तंतू पांढऱ्या टाक्यांत अडकून राहिले आणि चिमट्याने एकेक वेचावे लागले. लांबी कापडाच्या रुंदीच्या दुप्पट ठेवा, म्हणजे दोन्हीकडे भरपूर टोकं राहतात आणि कापड ताणलं तरी धागा आत ओढला जात नाही.

ओवायची जागा आठव्या ओळीनंतर. ती सगळी साधी, उलट विणलेली ओळ आहे, प्रत्येक टाका सुटा आणि सरळ. शिवाय तिथून परत सुरू करताना चार्टची पहिली ओळ येते, म्हणजे काही आठवावं लागत नाही. पण ओवण्याआधी टाके मोजा. भाग ७, ६, ६, ६ आहेत आणि शंकरपाळ्यांच्या रेघा सरळ आहेत, याची खात्री झाल्यावरच धागा घाला. चुकलेल्या ओळीत घातलेली लाइफलाइन चूकच जपून ठेवते.

बोथट टोकाच्या मोठ्या सुईत धागा ओवा. टाके विणायच्या सुईवरच राहू द्या. सुईच्या अगदी खालून, प्रत्येक टाक्याच्या वेटोळ्यातून एकेक करत धागा न्या. टाक्याची लोकर चिरून मधून जाऊ नका. मार्करची कडी आली की तिच्यातून धागा नेऊ नका, बाहेरून न्या. कडीतून नेला तर ती कडी त्या ओळीला जखडली जाते आणि पुढच्या ओळीत वर येत नाही. काठाचे तीन तीन टाकेही ओवायचे, कारण उसवताना तेही सुटतात. काही जोडता येणाऱ्या गोल सुयांमध्ये, सुई जिथे वायरला जोडली जाते तिथे, बारीक भोक असतं. त्यात धागा बांधून एक ओळ विणली की तो आपोआप टाक्यांतून ओवला जातो. पण तेव्हा तो मार्करांच्या कड्यांतूनही जातो, म्हणून त्या ओळीपुरते उघडता येणारे मार्कर वापरा किंवा मार्कर आधी काढून नंतर घाला.

धागा घातल्यावरची पहिली ओळ जरा सावकाश विणा. सुई टाक्यातून जाताना लाइफलाइनखालून गेली तर धागा विणला जातो. ओळ झाली की टोक हलकेच ओढून पाहा. धागा सरसर हलला तर ठीक. अडकला तर जिथे अडकलाय तिथेच तो विणला गेलाय, एवढ्यावरच दुरुस्त करा.

टोकाला कागदाची चिठ्ठी बांधून ओळ लिहून ठेवते: "१६ झाल्या". पुढच्या आठ ओळी झाल्या की दुसरा धागा, आणि तिसरा घातला की पहिला काढते. दोन कायम आत असतात. सर्वांत वरच्या धाग्याच्याही खाली चूक निघण्याची वेळ क्वचित येते, पण येते.

चूक सापडल्यावर: आधी जागच्या जागी

प्रत्येक चुकीसाठी लाइफलाइनपर्यंत जावं लागत नाही. एक प्रसंग घेऊ. १६ ओळी झाल्या, धागा ओवला, पुढे विणकाम सुरू. आता चार्टच्या सहाव्या ओळीत, उलट बाजूने परत येताना मोजायला थांबलात: ३, ६, ६, ५, ७, ३. तीसच टाके. चौथ्या आकड्यात तूट आहे. उलट बाजूने मोजतोय, म्हणजे सुलट बाजूने तो दुसरा भाग. कापड आडवं ताणून पाहा. पाचव्या ओळीत प्रत्येक भागात दोन भोकं आणि मध्ये एक टाका हवा. या भागात पहिलं भोक आहे, डाव्या जोडीआधीचं दुसरं नाही. म्हणजे वेढा घ्यायचा राहिला.

हे इथेच सुटतं. त्या भागात पोचल्यावर उलट बाजूने पहिला टाका म्हणजे मार्करजवळचा एकटा टाका, दुसरा म्हणजे डाव्या जोडीचा. हे दोन्ही उलट विणा. आता उजव्या आणि डाव्या सुईच्या मध्ये, खालच्या ओळीत, एक आडवी लोकर दिसते. डाव्या सुईचं टोक तिच्याखाली पुढून मागे घालून ती उचला आणि पुढच्या बाजूने साधी उलट विणा. मागच्या बाजूने विणलीत तर ती पिळली जाईल आणि भोक बंद होईल. हे भोक शेजारच्यांपेक्षा लहान दिसेल, कारण त्याला वेढ्याइतकी लोकर मिळालेली नाही. दोन्ही बाजूंचे टाके बोटांनी जरा ताणले तर थोडी लोकर इकडे येते, आणि धुऊन टाचण्या लावून ताणून वाळवल्यावर उरलेला फरक शोधावा लागतो.

चालू ओळीतलीच चूक असेल तर टाका टाका करून मागे जा. डाव्या सुईचं टोक खालच्या टाक्यात पुढून घाला आणि लोकर ओढून वरचा टाका सोडवा. वेढा नुसता सुईवरून उतरवायचा. त्याच्याखाली टाका नसतो, तो शोधू नका. तिहेरी जोड सोडवताना लोकर ओढण्याआधी अंगठ्याने जागा दाबून धरा आणि तिन्ही वेटोळी डाव्या सुईवर आली का ते मोजा. मधलं वेटोळं सर्वांत पुढे असतं आणि ते निसटायला टपलेलं असतं.

दोन मार्करांमधलेच सहा टाके खाली सोडून तेवढाच पट्टा पुन्हा विणण्याचीही एक रीत आहे. या नमुन्यात ती पहिल्या सहा ओळींपुरतीच चालते. मध्ये सातवी ओळ आली की तिहेरी जोडीने शेजारच्या भागाचा टाका घेतलेला असतो, त्यामुळे एक भाग सोडला की शेजारचाही सुटायला लागतो. तिथे हट्ट न करता धाग्यापर्यंत जावं.

धाग्यापर्यंत उसवणे

समजा, सातव्या ओळीत मार्कर न हलवल्याची चूक चार्टच्या पुढच्या फेरीतल्या दुसऱ्या ओळीत दिसली. मधल्या ओळी त्या चुकीवर उभ्या आहेत. इथे जागच्या जागी काही होत नाही.

आधी कागदावर लिहा की धागा कुठल्या ओळीनंतर आहे. वरचे मार्कर काढून घ्या. कापड सपाट जागेवर ठेवा, विणायची सुई बाहेर ओढा आणि लोकर सावकाश, आडवी ओढत उसवा. वर उचलून ओढू नका. शेवटची एक ओळ राहिली की वेग आणखी कमी करा. धाग्यापाशी पोचलं की लोकर ओढूनही पुढे सुटत नाही; टाके लाइफलाइनवर रांगेत बसलेले दिसतात.

आता ३ मिमीची, म्हणजे नेहमीपेक्षा बारीक सुई घ्या. लोकर ज्या कडेला लोंबतेय तिच्या विरुद्ध कडेपासून सुई घालायला सुरुवात करा, म्हणजे सुईचं टोक शेवटी लोकरीपाशी येईल आणि थेट विणता येईल. लाइफलाइन ज्या वाटेने गेलीय अगदी त्याच वाटेने सुई न्या. धागा काढू नका, दोन्ही एकाच टाक्यातून राहू द्या. एखादं वेटोळं उलटं बसलं, म्हणजे त्याचा उजवा पाय सुईच्या मागे गेला, तर विणताना ते मागच्या बाजूने विणा, पीळ पडणार नाही.

मोजा: ३१. तीस आले तर कुठे तरी सुई धाग्याबरोबर गेलेली नाही. लाइफलाइनवर बसलेलं पण सुईवर नसलेलं वेटोळं शोधा. संख्या जुळली की मार्कर पुन्हा ३, ७, ६, ६, ६, ३ असे लावा आणि नेहमीच्या सुईने चार्टची पहिली ओळ सुरू करा. लाइफलाइन अजूनही आतच राहू द्या, पुढच्या आठ ओळी बरोबर होईपर्यंत. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते, तिची काळजी नको. धुतल्यावर ती सरळ होते.

धागा घातलाच नसेल तर? तेव्हा चुकीच्या खालची एक साधी ओळ निवडा. या नमुन्यात उलट विणलेली कुठलीही ओळ चालेल, कारण तिथे वेढेही विणून टाके झालेले असतात. विणकाम सुईवर असतानाच, सुलट बाजूने, त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय बारीक सुईवर उचलत जा. काठाच्या सुलट टाक्यांत ओळ हरवते, तिथे दोन्ही टोकांना नीट पाहा. एकतीस पाय उचलले गेले आणि सगळे एकाच ओळीतले आहेत याची खात्री झाली की मगच वरचं उसवा. निवांत उजेडात याला अर्धा तास लागतो. रात्री दिव्याखाली करू नका, ओळ बदलते आणि कळतही नाही.